काउंटरवरचा कागद

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला जातो, गोदाकाठी पहाटे धुकं उतरायला लागतं आणि नाशिकच्या मेडिकलांमध्ये काउंटरच्या काचेवर एक कागद चिकटतो. संपादकांनी ‘थंडी’ हा विषय दिला तेव्हा त्यांच्या मनात द्राक्षबागा, शेकोट्या, निफाडचा घसरलेला पारा असं काहीतरी असावं. मला तो कागद आठवला. तो कोण लिहितं, त्यात काय लिहायचं हे कुणी ठरवलेलं असतं का, आणि लिहिलेलं खरं असतं का, हे बघायला मी गंगापूर रोडच्या बाजूच्या एका मेडिकलमध्ये जाऊन बसले. दुकान वडिलांनी काढलेलं, आता मुलगी चालवते. ती बी.फार्म. झालेली आहे. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात, एमआर मंडळी मॅडम म्हणतात. काउंटरवर मदतीला बारावी झालेला एक मुलगा असतो.

गेल्या हिवाळ्यातला कागद तिने जपून ठेवला होता, कारण यंदाचा त्यावरूनच करायचा होता. लाल ठळक अक्षरं, कोपऱ्यात काटेरी विषाणूचं चित्र, आणि मजकूर असा : ‘सावधान! थंडी आली! सर्दी, खोकला, फ्लू आणि न्यूमोनियापासून कुटुंबाचं १०० टक्के संरक्षण. इम्युनिटी किट फक्त ४९९ रुपये.’ किटमध्ये चार वस्तू : व्हिटॅमिन सीच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांची नळी, झिंकच्या गोळ्यांचं पाकीट, गुळवेलीच्या रसाची बाटली आणि च्यवनप्राशची छोटी बरणी.

“हे मी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “डिस्ट्रिब्युटरकडून तयार आलं होतं. दहावर दोन फ्री अशी स्कीम होती, कागद त्याच्याबरोबर. मी फक्त दुकानाचं नाव घातलं.”

कागद तयार मिळतो, दुकानदार सही केल्यासारखं नाव टाकतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपल्या ओळखीच्या फार्मासिस्टचा सल्ला आहे. बहुतेक दुकानांत असंच चालतं.

नोटीस म्हणजेसुद्धा जाहिरात

काउंटरवरच्या साध्या कागदाला कोण जाहिरात म्हणणार, असा समज असतो. कायदा तसं मानत नाही. औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्राचा कायदा १९५४ सालचा आहे. त्यात जाहिरातीच्या व्याख्येत नोटीस येते, परिपत्रक येतं, लेबल आणि वेष्टण येतं. तोंडी केलेली घोषणासुद्धा येते, आणि प्रकाश, आवाज किंवा धुराच्या साहाय्याने केलेलीही. धुराने औषधाची जाहिरात कशी करत असतील हे मला काही उमगलं नाही, पण १९५४ साली मसुदा लिहिणाऱ्याने कसलीच पळवाट ठेवायची नाही असं ठरवलेलं दिसतं.

त्या कायद्याला रोगांची एक यादी जोडली आहे. यादीतला रोग अमुक औषधाने बरा होतो किंवा टळतो अशी जाहिरात करायची नाही. मधुमेह, कर्करोग, क्षय यांच्या सोबतीने त्या यादीत न्यूमोनियाही आहे. म्हणजे जुन्या कागदावरचा तो एक शब्द पुरेसा होता. साधी सर्दी यादीत नाही, पण म्हणून सर्दीबद्दल काहीही म्हणायला मोकळीक नाही. औषधाबद्दल खोटा दावा करणं किंवा त्याच्या गुणांविषयी गैरसमज पसरवणं यासाठी त्याच कायद्यात वेगळं कलम आहे.

ताईने पेन्सिल घेतली आणि आधी ‘न्यूमोनिया’ खोडला, मग ‘१०० टक्के’, मग ‘संरक्षण’. उरलं ते ‘सावधान! थंडी आली!’ आणि किंमत.

खोक्याची मागची बाजू

किट एकच, पण त्यातल्या चार वस्तू तीन वेगवेगळ्या घरांतून आलेल्या असतात, हे तिने मला खोकी उलटी करून दाखवलं. समोरच्या बाजूला सगळीकडे ढाल, सूर्य, हसरं कुटुंब. मागे मात्र जात कळते.

झिंकच्या पाकिटावर औषध-निर्मितीचा परवाना क्रमांक होता. ते औषध. पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या नळीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक होता. म्हणजे कायद्याच्या लेखी ती नळी खाद्यपदार्थ, आरोग्यपूरक अन्न. तिच्यावर बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहावंच लागतं की ही वस्तू औषधी वापरासाठी नाही आणि कोणत्याही रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध यासाठी नाही. गुळवेलीची बाटली आणि च्यवनप्राश यांच्यावर आयुर्वेदिक औषधाचा परवाना.

आता गंमत अशी की नळीच्या मागे उत्पादक स्वतः छापतो, ‘रोग टाळण्यासाठी नाही’, आणि तीच नळी ज्या कागदाखाली ठेवलेली असते तो कागद म्हणतो, ‘फ्लूपासून संरक्षण’. कंपनीने आपलं अंग काढून घेतलेलं असतं. दावा दुकानाच्या नावावर पडतो. पूरक अन्नाला, त्यातलं पोषकद्रव्य शरीरात काय काम करतं हे सांगायची मुभा आहे. व्हिटॅमिन सी प्रतिकारसंस्थेच्या नेहमीच्या कामाला लागतं, हे वाक्य चालतं, कारण ते खरं आहे. जेवणातल्या आवळ्यातून आलं तरी ते लागतंच. ‘सर्दी होऊ देत नाही’ हे वाक्य चालत नाही.

या तीन घरांमुळे दरही बदलतो. साध्या, चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्यांच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे. दुकानदाराचं मार्जिनही ठरलेलं, १६ टक्के. तेवढंच व्हिटॅमिन सी फसफसणाऱ्या नळीत किंवा अस्वलाच्या आकाराच्या गमीत घातलं की ते अन्न होतं आणि किमतीला वरचं टोक उरत नाही. पोस्टरं, लोंबत्या पताका, काउंटरवरचे पुठ्ठ्याचे स्टँड हे सगळे नळीचे आणि गमीचे असतात. चघळायच्या गोळीचं पोस्टर मी तरी कुठे पाहिलं नाही. ती कपाटाच्या खालच्या खणात असते, मागितली तर मिळते.

तेरा तास

मग व्हिटॅमिन सीबद्दल लिहायचं तरी काय? ताईचं म्हणणं होतं, जेवढं सिद्ध झालंय तेवढं लिहू.

सर्दी आणि व्हिटॅमिन सीचं लग्न लावलं ते लायनस पॉलिंग यांनी. दोन नोबेल मिळालेला हा शास्त्रज्ञ. १९७० साली त्याने या विषयावर पुस्तक लिहिलं आणि जगभर लोक रोज हजार-हजार मिलिग्रॅम घ्यायला लागले. त्यानंतर भरपूर प्रयोग झाले. त्यांचा एकत्र हिशेब कॉक्रेन या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात मिळतो. रोज व्हिटॅमिन सी घेणाऱ्या सर्वसाधारण माणसांना सर्दी कमी वेळा होते का, हे तपासायला त्यात ११ हजारांवर माणसांची माहिती आहे. उत्तर : नाही, तेवढ्याच वेळा होते. फक्त मॅरेथॉन धावणारे, बर्फावर सराव करणारे सैनिक असे शरीराची परीक्षा पाहणारे जे लोक होते त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. बाकीच्यांची सर्दी थोडी लवकर आटोपली. मोठ्यांची सरासरी ८ टक्क्यांनी, मुलांची १४ टक्क्यांनी.

आठ टक्के म्हणजे किती, हे आम्ही काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवर काढलं. सात दिवसांची सर्दी म्हणजे १६८ तास. त्याचे आठ टक्के म्हणजे साडेतेरा तास. सातव्या दिवशी संध्याकाळी नाक मोकळं होणार होतं, ते पहाटेच झालं. आणि हा फायदा सर्दी नसतानाही रोज गोळी घेणाऱ्यांचा. शिंका सुरू झाल्यावर दुकानात येऊन नळी नेणाऱ्यांना त्या प्रयोगांत ठोस काही मिळालेलं नाही. नेमकं गिऱ्हाईक मात्र शिंका सुरू झाल्यावरच येतं.

तरीही शंभरातले नव्वद जण सांगतील की ‘मला फरक पडतो’, आणि ते खोटं बोलत नसतात. सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. माणूस उठून मेडिकलपर्यंत येतो तोही त्याच दिवशी. तिथून पुढे सर्दी उतरणारच असते, मग मध्ये नळी घ्या, काढा घ्या किंवा डोक्याला मफलर गुंडाळा. चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय त्या दिवशी हातात असलेल्या वस्तूला जातं. ‘शेजारच्या काकूंना गुण आला’ हा पुरावा असा तयार होतो, आणि कंपनीच्या पोस्टरपेक्षा तो जास्त माल विकतो.

झिंकची बेरीज

झिंकचं प्रकरण जरा वेगळं आहे. सर्दी सुरू झाल्याबरोबर झिंक घेतलं तर ती दोनेक दिवस लवकर संपत असावी, असं २०२४च्या कॉक्रेन आढाव्यात आलं. पण पुरावा कच्चा असल्याचंही तिथेच म्हटलंय. सर्दी टाळण्यासाठी घेतलेल्या झिंकने जवळपास काही फरक दिसला नाही. शिवाय त्यातले बरेच प्रयोग तोंडात चोखत विरघळवायच्या गोळ्यांचे, दिवसातून अनेकदा घ्यायच्या. आपल्याकडे विकतात त्या पाण्याबरोबर गिळायच्या, बहुतेक मल्टिव्हिटॅमिनमध्ये मिसळलेल्या.

घोटाळा होतो तो बेरजेत, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला. साठी ओलांडलेल्या एक बाई थायरॉइडची गोळी न्यायला आल्या होत्या. त्यांना सकाळी मळमळत होतं. ताईने विचारलं, “काकू, अजून काय काय घेता?” काकूंनी पर्समधून तीन पाकिटं काढली. एक रोजचं मल्टिव्हिटॅमिन, मागच्या डॉक्टरांनी कधीतरी दिलेलं. दुसरी व्हिटॅमिन सी अधिक झिंकची नळी, सुनेने आणलेली. तिसरं नुसतं झिंक, कोविडच्या वेळची सवय.

ताईने तिन्हींच्या मागचं वाचलं. मल्टिव्हिटॅमिनवर झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलिग्रॅम असं होतं. हा आकडा क्षाराचा, त्यातलं प्रत्यक्ष झिंक साडेबावीस मिलिग्रॅम. नळीत १०. तिसऱ्या पाकिटावर ‘एलिमेंटल झिंक’ असंच लिहिलेलं, म्हणजे पूर्ण ५०. एकूण साडेब्याऐंशी. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीनुसार बाईमाणसाची रोजची गरज सव्वातेरा मिलिग्रॅमच्या जवळपास, तीही मुख्यतः जेवणातून भागायची. सगळं धरून वरची मर्यादा ४०. काकू तिच्या दुपटीवर होत्या.

उपाशीपोटी झिंकने मळमळणं हे नेहमीचंच. खरी काळजी पुढची असते. महिनोन्महिने जास्त झिंक पोटात गेलं तर ते तांब्याचं शोषण अडवतं. त्यातून रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात, चाल अस्थिर होते, आणि म्हातारपणी हे सगळं वयावर ढकललं जातं. त्यात काकूंच्या थायरॉइडच्या गोळीबरोबरच खनिजं असलेलं मल्टिव्हिटॅमिन जात होतं. त्या दोहोंत चारेक तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही.

“हे नुसतं झिंक आजपासून बंद,” ताई म्हणाली. “नळी संपली की परत आणू नका. मल्टिव्हिटॅमिन दुपारी जेवल्यावर, आणि ते चालू ठेवायचं का हे डॉक्टरांना विचारा.”

“अगं पण थंडी आलीय ना?” काकू म्हणाल्या.

त्या दिवशी काकूंनी थायरॉइडच्या गोळ्या सोडून काहीच नेलं नाही. किट नावाची कल्पना ताईच्या मनातून तिथेच उतरली. चार वस्तू एका पिशवीत घातल्या की घेणारा आधी काय घेतो हे विचारायची जागाच उरत नाही.

गुळवेल आणि बरणी

गुळवेलीवर आमचा वेळ कमी गेला, पण वाद जास्त झाला. ताईचे वडील दुपारी दुकानात येतात. त्यांच्या अंगणात कडुनिंबावर गुळवेल आहे आणि तिच्याविरुद्ध ते ऐकून घेत नाहीत. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडकाळात गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती वनस्पती गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात होती, याची खातरजमा झालेली नाही. पुढे देशातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र आली आणि त्यातल्या बऱ्याच जणांत स्वप्रतिकारक यकृतविकाराची लक्षणं दिसली. घेणाऱ्यांच्या संख्येपुढे हे रुग्ण मोजकेच. पण गुळवेल प्रतिकारसंस्थेला चेतवते असं म्हणायचं, आणि ज्याची प्रतिकारसंस्था आधीच स्वतःच्या अवयवांवर उठली आहे त्यालाही ती बेलाशक द्यायची, हे दोन्ही कसं जमेल? वडील यावर काही बोलले नाहीत. ‘काढा बेताने घ्यावा’ एवढं मान्य झालं.

च्यवनप्राशचा प्रश्न सोपा. बहुतेक बरण्यांत साखर निम्म्याच्या आसपास असते. शुगर असलेल्यांनी विचारून घ्यावं, बाकीच्यांनी चवीने खावं.

भीती कुठे ठेवायची

भीती विकली जाते हे या दुकानाने दोनदा पाहिलंय. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला आणि मास्क, निलगिरीचं तेल, कापूर संपले. २०२० साली व्हिटॅमिन सीची गोळी औषधाला मिळेना. दोन्ही वेळा कुठल्याही पोस्टरची गरज पडली नव्हती.

तरीही धोक्याच्या खुणा सांगायला हव्यातच. फ्लू म्हणजे नुसती सर्दी नव्हे. म्हातारी माणसं, गरोदर बायका, दमा-मधुमेहाचे रुग्ण यांना तो महागात पडू शकतो आणि त्यावरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. ताईने पहिल्या मसुद्यात हे सगळं कागदाच्या वरच्या बाजूला लिहिलं होतं : धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं. खाली व्हिटॅमिन सीचा दर. आम्ही दोघींनी तो कागद जरा लांबून वाचला आणि दोघींनाही तो जुन्या कागदासारखाच वाटला. एकही शब्द खोटा नव्हता. पण ‘ओठ निळे’ याच्याखाली गोळीचा दर आला की वाचणारा दोहोंना आपसूक जोडतो.

म्हणून तिने दोन कागद केले. खुणांचा कागद वजनकाट्याजवळच्या भिंतीवर, तिथे विकायला काहीच ठेवलेलं नाही. त्यात शेवटी कुठली वस्तू नाही, जवळच्या दवाखान्याची वेळ आहे.

लसीचा उल्लेखही तिने त्याच भिंतीवर नेला. फ्लू टाळण्यासाठी म्हणून परवाना मिळालेली ही वस्तू दुकानात फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. तीही शंभर टक्के अडवत नाही, टोचल्यावर दोनेक आठवड्यांनी काम सुरू करते आणि साध्या सर्दीवर तिचा काही उपयोग नाही. महाराष्ट्रात फ्लूची एक लाट पावसाळ्यातही येते, त्यामुळे लस कधी घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

नवा कागद

काउंटरवरचा कागद शेवटी असा झाला. काळी अक्षरं, चित्र नाही :

‘थंडीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू येथे मिळतील. व्हिटॅमिन सी (चघळायच्या गोळ्या, नळी), झिंक, च्यवनप्राश, वाफेचं भांडं, थर्मामीटर, मास्क. यांपैकी कोणतीही गोळी सर्दी किंवा फ्लू होणार नाही याची खात्री देत नाही. साधी सर्दी बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. शुगर, थायरॉइड, किडनी किंवा यकृताचं औषध चालू असेल, गरोदर असाल, किंवा वस्तू लहान मुलासाठी हवी असेल, तर घेण्याआधी विचारा. विचारायचे पैसे नाहीत.’

वडिलांना शेवटची ओळ चहाच्या टपरीवरच्या पाटीसारखी वाटली. ताईने ती ठेवली. एमआरने कागद वाचला, हसला आणि म्हणाला, “मॅडम, यात विकायचं काय आहे?” यादीतला थर्मामीटर विकला जाईल, असं ती म्हणाली. त्याने आपलं पुठ्ठ्याचं स्टँड उचललं आणि रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये नेऊन ठेवलं. तिकडे किट आहे, यंदा ५९९ला.

कागद लागला, तरी काउंटरवर बोलतो तो मुलगा. पहिल्याच संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने नळी हातात घेऊन विचारलं, “घेऊ का?” आणि मुलगा सवयीने म्हणाला, “घ्या की, इम्युनिटी वाढते.” १९५४च्या कायद्याने तोंडी घोषणाही धरली आहे ती याचसाठी. ताईने त्याला बाजूला घेतलं. त्याला प्रयोगांचे आकडे सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने तीन प्रश्न पाठ करायला लावले : कुणासाठी हवंय, दुसरं काय चालू आहे, ताप आहे का. तिन्हींची उत्तरं साधी असली तर माणसाला हवं ते द्यायचं, स्वस्त पर्याय आहे हे सांगून. एकही उत्तर अडलं तर हाक मारायची. आणि पाच वर्षांखालच्या मुलासाठी कुणी सर्दी-खोकल्याचं सिरप मागितलं तर प्रश्नसुद्धा विचारायचे नाहीत, थेट हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी त्याने दुपारपर्यंत अकरा वेळा हाक मारली. अकरावी हाक एका तरुण बापासाठी होती, दीड वर्षाच्या पोरीसाठी सिरप हवं होतं. ताईने सिरप दिलं नाही. नाकात घालायचं सलाइनचं थेंबऔषध दिलं, पोरगी दूध पिते का आणि श्वास भराभर चालतो का ते विचारलं, आणि त्याला वजनकाट्याजवळचा कागद मोबाइलवर फोटो काढून न्यायला सांगितलं.